वऱ्हांड्यातला तान्हा पोळा

वत्सलाताई गेल्याचं सांगायला ढोबळे सरांचा फोन आला, तेव्हा मी दारव्ह्याच्या बाजारात लाकडी बैल निवडत उभी होते. पोळा तोंडावर आला होता. दुकानदाराने तीन-चार बैल पुढ्यात मांडले होते आणि मी एकेकाची चाकं फिरवून बघत होते. ढोबळे सर म्हणजे ताई राहायच्या त्या वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक. एरवी ते फोनवर आधी पाऊसपाण्याचं विचारतात, मग कामाचं बोलतात. त्या दिवशी ते नुसतं म्हणाले, "मेघा, ताई गेल्या. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, अन् बसल्या बसल्याच..." मी हातातला बैल खाली ठेवला, मग परत उचलला. दुकानदाराने विचारलं, "हाच देऊ का?" मी हो म्हटलं. का म्हटलं ते कळलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

आज ही गोष्ट लिहायला बसले आहे ती रडण्यासाठी नाही. वत्सलाताईंवर रडका लेख लिहिला तर त्या वरून खणखणीत आवाजात "राँग नंबर" म्हणतील. यवतमाळच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. लोक ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट बघायचे त्या काळातल्या त्या ऑपरेटर. लग्न केलं नाही. भावाच्या घरी राहिल्या, भाऊ-वहिनी गेल्यावर स्वतःच चौकशी करून, स्वतःची ट्रंक स्वतः रिक्षात ठेवून वृद्धाश्रमात आल्या. "मला कोणी इथं आणून सोडलं नाही, मी आले," हे त्या नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायच्या. आणि दुसरं सांगायच्या, "आजी म्हणायचं नाही. ताई."

माझी त्यांची ओळख झाली ती ढोबळे सरांच्या ऑफिसात. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. कॉलेजातल्या आम्ही काही पोरापोरींनी मिळून एक छोटं युवक मंडळ काढलं होतं. झाडं लावणं, रक्तदानाच्या दिवशी बिस्किटं वाटणं, असली कामं करायचो. त्या वर्षी ठरवलं, पोळ्याच्या सुमारास वृद्धाश्रमात जाऊन सण साजरा करायचा, सगळ्यांना शुभेच्छा द्यायच्या. परवानगी मागायला मी आणि इरफान गेलो होतो. इरफान माझा वर्गमित्र. त्याच्या वडिलांचं घाटंजी रोडवर मोटारसायकलचं गॅरेज, त्यामुळे मंडळाच्या सगळ्या गाड्या आणि सगळे जुगाड त्याच्याकडे. आम्ही कार्यक्रमाची रूपरेषा वाचून दाखवली. हॉलमध्ये खुर्च्या, स्वागतगीत, पाहुण्यांचं भाषण, शाल-श्रीफळ, फळवाटप, पेढे, समूह छायाचित्र. ढोबळे सर मान डोलवत ऐकत होते. कोपऱ्यात एक उंच, काटक बाई पेपर वाचत बसल्या होत्या. त्यांनी पेपर न हटवताच विचारलं, "ह्यात आम्ही काय करायचं?"

मी गडबडले. म्हटलं, "तुम्ही... बसायचं, आजी."

"ते तर आम्ही रोजच करतो," पेपरमागून आवाज आला. "अन् आजी म्हणू नको."

मग त्यांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला आणि आमच्या रूपरेषेचं एकेक कलम घेतलं. पेढे आणणार, इथल्या अर्ध्या लोकांना साखर आहे. त्यांच्यासमोर पेढे वाटणं बरं दिसेल का? स्पीकर लावणार, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना स्पीकरवर नुसता गोंगाट होतो, शब्द कळत नाही. समोर येऊन, चेहरा दाखवून, सावकाश बोललं की कळतं. फोटो काढणार, कोणाला विचारून? "इथं एक बाई आहेत, त्यांच्या माहेरी अजून माहीत नाही त्या इथं राहतात म्हणून. तुमचा फोटो मोबाइलवर गावभर फिरला तर?" आणि शेवटी सगळ्यांत मोठा प्रश्न. चारजण अंथरुणाला खिळलेले आहेत, ते हॉलमध्ये कसे येणार?

"त्यांना खोलीत नेऊन फळं देऊ," इरफान म्हणाला.

"म्हणजे सण हॉलमध्ये अन् खोलीत केळं," ताई म्हणाल्या.

ढोबळे सर तोंड लपवून हसत होते. परत जाताना मला राग आला होता, खरं सांगते. गाडीवर मागे बसून मी इरफानला म्हणाले, "जाऊ दे, आपण दुसरीकडे कुठे तरी करू." तो म्हणाला, "अगं पण ती बाई बोलली त्यातलं चुकीचं काय होतं, ते सांग ना."

दोन दिवसांनी आम्ही परत गेलो, या वेळी कागद न घेता. ताईंनाच विचारलं, तुम्ही सांगा काय करू. त्यांचे डोळे चमकले. त्या जणू वाटच बघत होत्या. "कोणता सण म्हणालात? पोळ्याच्या वेळचा ना? मग तान्हा पोळा करा." आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत घरोघर फिरतात. घरची बाई बैलाला ओवाळते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. कोणी खाऊ देतं, कोणी नाणं. ताई म्हणाल्या, "बैल दारोदार जातात. माणसं बैलाकडे जात नाहीत. आमच्या इथं प्रत्येक खोलीला दार आहे. एकेक खोली म्हणजे एकेक घर. जो चालतो त्याच्या दारात बैल जाईल, जो चालत नाही त्याच्याही दारात जाईल. अन् बोजारा आम्ही देऊ. तुम्ही काही आणायचं नाही, फक्त बैल आणायचे."

मला आजही ती दुपार आठवते. इतका साधा, इतका घरचा उपाय, आणि आम्ही शाल-श्रीफळ घेऊन बसलो होतो.

ढोबळे सरांनी मात्र अटी घातल्या, आणि त्या सगळ्या रास्त होत्या. लहान पोरं आणायची नाहीत, कारण ती धावतात आणि काठीवर चालणाऱ्याला धक्का लागला तर हाड मोडतं. शिवाय पोरांचा सर्दी-खोकला इथं महागात पडतो. सकाळचा नाश्ता, औषधं आणि अंथरुणावरच्या लोकांची अंगपुसणी झाल्यावरच सुरुवात, आणि जेवणाच्या आधी शेवट. ज्याला नको असेल त्याच्या दारावर थाप मारायची नाही. नामदेवरावांच्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन चालू असतं, तिथे दिवा, उदबत्ती, काहीच पेटवायचं नाही. हळद-कुंकू आणि फुलं चालतील. सर्दी झालेल्या स्वयंसेवकाने घरी राहायचं.

"मग लहान पोरं नाहीत तर बैल कोण ओढणार?" मी विचारलं.

"तुम्ही," ताई म्हणाल्या. "मिशा फुटलेले पोरं बैल ओढताना पाह्यचे आहेत मले."

पुढचे काही दिवस कसे गेले सांगता येत नाही. आम्ही आळीपाळीने रोज संध्याकाळी जायचो. प्रत्येक खोलीत बसून, नाव सांगून, विचारायचो, बैल आले तर चालतील का, ओवाळाल का, फोटो काढला तर चालेल का. एका आजोबांनी तिन्हीला नाही म्हटलं आणि चौथ्या दिवशी स्वतःच विचारलं, बैल कोणत्या रंगाचा आहे. आत स्वयंपाकघरात ताईंच्या हाताखाली बोजाऱ्याची तयारी चालली होती. सगळ्यांना चालेल असा खाऊ म्हणून फुटाणे ठरले. कागदाच्या छोट्या पुड्या बांधायला ज्यांची बोटं चालत होती ते सगळे बसले. ज्यांना पुडी बांधता येत नव्हती त्यांनी झडत्या रचायच्या होत्या. झडत्या म्हणजे पोळ्याला बैलांसमोर म्हणायची चावट, टोमणेबाज तुकबंदी. एकाने म्हणायची आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. दिवाणी कोर्टातून रिटायर झालेले एक गृहस्थ, एरवी कोणाशी न बोलणारे, उशीखाली कागद ठेवून झडती रचतायत हे कळल्यावर बायकांनीही कंबर कसली. जेवणाच्या टेबलावर एकमेकांच्या ओळी चोरल्याचे आरोप सुरू झाले.

इरफानने गॅरेजमध्ये सगळ्या बैलांच्या चाकांना तेल दिलं. ताईंना हे कळलं तशा त्या नाराज झाल्या. "काहून तेल दिलं? चाकं वाजली नाही तर ज्याला दिसत नाही त्याला बैल येऊन राह्यला ते कसं कळणार?" मग त्याने बैलांच्या गळ्यात घुंगरांच्या माळा बांधल्या, आणि ताईंनी प्रत्येक माळ कानाजवळ धरून, हलवून पास केली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पहाटेपासून धो-धो पाऊस. अंगणात मांडव घातला असता तर सगळं वाहून गेलं असतं. पण वऱ्हांडा कोरडा होता. आम्ही ओल्या चपला बाहेर काढल्या, पाय पुसले, फरशी घसरू नये म्हणून दारातून आतपर्यंत पोती अंथरली, हात साबणाने धुतले. बैलांना झुली घातल्या, शिंगांना बेगड चिकटवलं. आम्ही बारा-तेरा घोडमी पोरं-पोरी, हातात दोऱ्या, पायाशी लाकडी बैल... वऱ्हांड्याच्या त्या टोकाला पोचल्यावर आम्हीच लाजून उभे राहिलो. पहिलं पाऊल कोणी टाकेना.

तेव्हा वऱ्हांड्याच्या मधोमध वत्सलाताई आल्या. जरीची हिरवी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू. कितीएक वर्षं हेडफोन लावून बोललेला तो आवाज त्यांनी सोडला, माइक नाही, काही नाही, आणि शेवटच्या खोलीपर्यंत एकेक शब्द स्पष्ट गेला. "लक्ष द्या. बैल आलेले आहेत. आपापल्या दारात या. ज्यांना येता येत नाही त्यांनी यायचं नाही, बैल आत येतील."

आणि दारं उघडली. हे मी कसं सांगू... ज्या दारांतून रोज औषधाचा ट्रे आत जातो आणि रिकामा कप बाहेर येतो, त्या दारांत माणसं उभी होती. इस्त्रीच्या शर्टात, काठापदराच्या साड्यांत, हातात ताट घेऊन. कोणी पाहुणे नव्हते ते. घरचे मालक होते. पहिल्या दारात एका आजीने बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि इरफानच्या हातावर फुटाण्याची पुडी ठेवून त्याला दटावलं, "बैल सरळ धर." मग कोर्टवाल्या काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले,

"सकाळची गोळी पांढरी, रात्रीची गोळी लाल,
डॉक्टर म्हणतो झोपून राहा, बैल म्हणतो चाल."

सगळा वऱ्हांडा महादेवाच्या गजराने दणाणला. ढोबळे सर धावत आले, आवाज कमी करा म्हणायला, आणि दारातच उभे राहून हसायला लागले. आमच्याकडून इरफान पुढे आला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा झडती रचली होती, गॅरेजमधल्या क्लच-ब्रेकवर. ती यमकात बसत नव्हती, पण त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या मिळाल्या. नामदेवरावांच्या खोलीत आम्ही आवाज न करता गेलो. दिवा नव्हता. त्यांनी नाकातल्या नळीला हात न लावता झेंडूचं एक फूल बैलाच्या पाठीवर ठेवलं आणि झुलीवरून हात फिरवत राहिले. "असाच होता आमचा," एवढंच म्हणाले.

सगळी दारं झाली. एक उरलं, ताईंचं स्वतःचं. घोषणा करून त्या आत गेल्या होत्या आणि दार बंद होतं.

त्या खोलीत ताईंबरोबर शांताबाई राहायच्या. राळेगावकडच्या, शेतीवाडीतल्या, अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. दिवसभर पलंगावर. आम्ही विचारायला गेलो होतो तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं होतं, "मले कायले विचारता, बाई. माह्या हातानं काय होते आता." तरी ताईंनी त्यांच्या नावापुढे "हो" लिहायला लावलं होतं.

आम्ही बंद दारासमोर थांबलो. आतून बोलण्याचा आवाज येत होता. ताईंचा आवाज चढला, मग शांताबाईंचा. मागे सगळे जमले होते, व्हीलचेअरवरचेही. ढोबळे सर हळूच म्हणाले, "नसेल त्यांना जमत तर जाऊ द्या." आम्ही वळणार एवढ्यात कडी निघाली.

शांताबाईंना उशांच्या आधाराने बसवलं होतं. नऊवारी लुगडं नेसवलं होतं; त्यालाच वेळ लागला होता. मांडीवर ताट. ताई बाजूला, हात मागे बांधून उभ्या. मी बैल पलंगापाशी नेला. शांताबाईंनी डाव्या हाताने ताट उचललं. ते कललं. निरांजन सरकलं, सुपारी खाली पडली, आणि माझा हात आपोआप पुढे गेला. ताईंनी माझ्या मनगटाला धरलं. "थांब."

शांताबाईंनी ताट परत मांडीवर टेकवलं. दम घेतला. पुन्हा उचललं, या वेळी मनगट पोटाशी धरून. ताट थरथरत होतं, ज्योत हलत होती. एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा ताट बैलाच्या तोंडाभोवती फिरलं. त्यांनी ते खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "डाव्या हातानं ओवाळलं. बैल रागावते का?"

"बैलाले डावा-उजवा कळत नाही," ताई म्हणाल्या.

मग शांताबाई हसल्या. गालाच्या एकाच बाजूने, पण अशा हसल्या की मागे उभे असलेले सगळे हसले. आणि त्यांनी पलंगावरून एक झडती म्हटली, जुनी नव्हे, तिथल्या तिथे जुळवलेली, ढोबळे सरांच्या पातळ वरणावर. सर लाजून लाल झाले. त्या संध्याकाळी वरण घट्ट होतं.

त्यानंतर दर वर्षी तान्हा पोळा झाला. मंडळात नवी पोरं आली, जुनी नोकरीला लागली. मी दारव्ह्याला शिक्षिका झाले, तरी त्या दिवशी सुट्टी काढून जायचेच. ताईंनी एकदाही स्वतः ओवाळलं नाही. त्यांच्या दाराचं ताट शांताबाईंचं. ताई मिरवणुकीबरोबर प्रत्येक दारापर्यंत फिरायच्या, आणि बैल गेल्यावर खोलीत येऊन शांताबाईंच्या पलंगाशी बसायच्या. मग सुरू व्हायचं सगळं सांगणं. कोणी कोणतं लुगडं नेसलं, कोणाची झडती फसली, नामदेवरावांनी आज दोन फुलं ठेवली. एक्स्चेंजमध्ये जसं इकडचं तिकडे जोडायच्या, तसं. मी एकदा दारात उभी राहून ऐकत होते, तर म्हणाल्या, "लाइन चालू आहे, मध्ये बोलू नको."

यंदा त्या गेल्या आणि पोळ्याला थोडेच दिवस उरले. नागपूरचा पुतण्या आला, सगळं नीट केलं. वृद्धाश्रमात प्रश्न पडला, यंदा करायचं का. काहीजण म्हणाले, एवढ्यात नको. ढोबळे सरांनी तो प्रश्न शांताबाईंपुढे नेला. त्या म्हणाल्या, "दारं बंद ठेवून ते बाई खुश होईन काय? येऊ द्या बैलं."

मी दारव्ह्याहून घेतलेला बैल घेऊन गेले. वऱ्हांड्यात कोणी घोषणा करायला नव्हतं. इरफान, आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे आणि थोडं पोटही, मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "लक्ष द्या. बैल आलेले आहेत." त्याचा आवाज शेवटच्या खोलीपर्यंत गेला नाही, पण दारं उघडली. झडत्या झाल्या. ताईंवरही एक झाली, कोर्टवाल्या काकांची. ती मी इथे देत नाही, ती त्यांची आहे.

शेवटच्या खोलीत ताईंच्या पलंगावर एक नव्या बाई बसल्या होत्या. विमलबाई. येऊन चारच दिवस झाले होते. बॅग अजून पलंगाखाली तशीच होती, चेन लावलेली. ढोबळे सरांनी आधीच सांगितलं होतं, त्या खोलीबाहेर येत नाहीत, जेवणही आतच घेतात. आम्ही आत गेलो तशा त्या भिंतीकडे सरकल्या. शांताबाईंनी डाव्या हाताने बैलाला ओवाळलं, आता तो हात सरावला आहे. मग त्या विमलबाईंना म्हणाल्या, "बैल दोघींच्याही घरी आला, बाई. तुमचा बोजारा?"

विमलबाई गोंधळल्या. "माझ्याकडे काही नाही हो," म्हणाल्या. मग जरा वेळाने वाकल्या, बॅग ओढली, चेन उघडली, कपड्यांत हात घालून शोधत राहिल्या. एका रुमालात बांधलेले बडीशेपेचे चार दाणे निघाले, जेवणानंतर खायचे. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवले आणि लगेच म्हणाल्या, "ह्याला बोजारा म्हणतात का?"

"म्हणतात," मी म्हणाले.

आम्ही बाहेर पडायला लागलो. घुंगरू वाजले. मागून शांताबाईंचा आवाज आला, विमलबाईंना म्हणत होत्या, "मले काही इथून दिसत नाही. जाऊन पाहून या, कोणाच्या घरी काय झालं. अन् मंग मले सांगा. सगळं सांगा, काही गाळू नका."

विमलबाई दारात आल्या. एक क्षण चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मग चपला शोधल्या, पदर खोचला, आणि बैलाच्या मागे मागे वऱ्हांड्यात चालायला लागल्या. प्रत्येक दाराशी थांबून, आत डोकावून, नावं विचारत.